घनता ०.८०३ वर अडते तेव्हा: इथेनॉल-पाणी ॲझिओट्रोपचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका अध्यापन प्रयोगशाळेत स्फटिक धुण्यासाठी वापरलेले इथेनॉल वेगळ्या कॅनमध्ये साठवले जात होते. पाच लिटर साठल्यावर ते शुद्ध करून पुन्हा वापरायचे ठरले. या इथेनॉलमध्ये पाण्याशिवाय दुसरे काही फारसे नव्हते, आणि वजनी सुमारे ७८ टक्के इथेनॉल होते. पुढच्या वापराची अट मात्र कडक होती. त्यात सोडियम विरघळवून सोडियम इथॉक्साइड करायचे होते आणि मग त्याची डायइथिल मॅलोनेटशी अभिक्रिया घडवायची होती. त्यासाठी इथेनॉल किमान ९९.५ टक्के हवे होते, आणि त्याहून कोरडे मिळाले तर उत्तमच.

हाताशी ४० सेंटिमीटरचा व्हिग्रो कॉलम, साधा कंडेन्सर आणि एक अंशाच्या खुणांचा तापमापक होता. योजना सरळ होती. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. बावीस अंशांचे अंतर आहे, तेव्हा एकदा नीट ऊर्ध्वपातन केले की काम झाले. ही योजना कागदावर निर्दोष दिसते आणि म्हणूनच ती इतक्या जणांना फसवते.

अडचण

पहिल्या ऊर्ध्वपातनात तापमापक बराच वेळ ७८ अंशांवर स्थिर राहिला आणि चांगले स्वच्छ इथेनॉल मिळाले. २० अंश तापमानाला त्याची घनता ०.८०५३ आली. तक्त्यानुसार याचा अर्थ वजनी ९४.६ टक्के. तेच पुन्हा ऊर्ध्वपातित केले, या वेळी अगदी सावकाश. घनता ०.८०३१, म्हणजे ९५.४ टक्के. सबंध दिवस खर्ची पडला आणि पदरात पडले जेमतेम ०.८ टक्के.

मग कॉलम अपुरा पडतोय असे गृहीत धरून ९० सेंटिमीटरचा, काचेच्या वळ्यांनी भरलेला कॉलम लावला. रिफ्लक्सचे प्रमाण दहास एक ठेवले, म्हणजे कॉलमच्या माथ्यावर द्रव झालेल्या दर अकरा भागांपैकी दहा भाग परत खाली सोडायचे आणि एकच बाहेर काढायचा. मिळालेल्या द्रवाची घनता हायड्रोमीटरने ०.७९७१ दिसली. तक्त्यात ती सुमारे ९७.५ टक्क्यांना जुळत होती. मोठा कॉलम कामी आला, असे सगळ्यांना वाटले.

पण ही मोजणी खोलीच्या तापमानाला, म्हणजे २७ अंशांना झाली होती, आणि तक्ता होता २० अंशांचा. इथेनॉलची घनता दर अंशाला सुमारे ०.०००८५ ने घटते. सात अंशांत ती ०.००६ ने घटते आणि एवढ्यानेच वाचन दोन टक्क्यांनी फुगते. नमुना पाण्याच्या टबात ठेवून २० अंशांवर आणला आणि पुन्हा मोजला, तेव्हा घनता ०.८०३ च्या आसपासच निघाली. मोठ्या कॉलमने जवळजवळ काहीच साधले नव्हते.

याच सुमारास आणखी एक घोटाळा उघड झाला. साठ्यातल्या एका जुन्या बाटलीवर ‘९७ टक्के’ लिहिले होते आणि बाजारात वजनी ९५.६ टक्के या पुस्तकी मर्यादेच्या वरचे इथेनॉल साध्या ऊर्ध्वपातनाने मिळते याचा पुरावा म्हणून ती बाटली पुढे केली जात होती. तो आकडा आकारमानी टक्क्यांचा होता. वजनी ९५.६ टक्के म्हणजे आकारमानी सुमारे ९७.२ टक्के. द्रव तोच, फक्त मोजण्याची रीत वेगळी. या विषयावर बोलताना टक्के वजनी की आकारमानी हे सांगितले नाही, तर दोन माणसे एकाच द्रवाबद्दल तासभर वाद घालू शकतात.

हे ९५.४ टक्के ‘जवळजवळ शुद्ध’ म्हणून चालवून घ्यावे का, हा प्रश्न एका हिशेबाने निकाली निघाला. ठरलेल्या प्रयोगाला ५०० मिलिलिटर इथेनॉल आणि ११.५ ग्रॅम, म्हणजे अर्धा मोल, सोडियम लागणार होते. त्या ५०० मिलिलिटरचे वजन सुमारे ४०१ ग्रॅम, आणि त्यात ४.६ टक्के म्हणजे सुमारे १८.५ ग्रॅम पाणी. ते झाले एक मोलाहून थोडे जास्त. सोडियमच्या दुप्पट पाणी! अशा द्रवात इथॉक्साइडबरोबर हायड्रॉक्साइड तयार होते आणि ते मॅलोनेट एस्टर तोडून त्याचे क्षार करते. टक्केवारीत पाणी नगण्य वाटते, मोलमध्ये मोजले की त्याचे खरे वजन कळते.

नेमके काय घडत होते

ऊर्ध्वपातन उत्कलनबिंदूंच्या फरकावर चालते असे आपण सवयीने म्हणतो. खरे तर ते चालते द्रव आणि त्याच्यावरची वाफ यांच्या घटकप्रमाणातल्या फरकावर. वाफेत इथेनॉलचे प्रमाण द्रवापेक्षा जास्त असेल तोवर ती वाफ थंड करून, पुन्हा उकळून पुढे सरकता येते. कॉलम हेच काम आपल्या उंचीभर पुन्हा पुन्हा करतो.

वातावरणाच्या दाबाखाली हा फरक कसा आटत जातो ते पाहण्यासारखे आहे. द्रवातल्या दर शंभर रेणूंपैकी १० इथेनॉलचे असतील, तर वाफेत सुमारे ४४ असतात. ही झेप मोठी आहे, म्हणून सुरुवातीचे पाणी पटकन निघते. द्रवात ५० असतील तर वाफेत सुमारे ६५. द्रवात ८० असतील तर वाफेत जेमतेम ८२. आणि द्रवात ८९.४ असतील, तेव्हा वाफेतही ८९.४. वजनात हेच प्रमाण ९५.६ टक्के येते. तिथे पोहोचलेला द्रव जसा आहे तसाच वाफ होतो आणि तसाच परत द्रव होतो. त्याला ॲझिओट्रोप किंवा स्थिरक्वाथी मिश्रण म्हणतात. ग्रीक मुळांवरून हा शब्द वेड आणि मेरिमन यांनी १९११ साली घडवला. न बदलता उकळणारे, असा त्याचा अर्थ.

असे का व्हावे? शुद्ध रूपात, ॲझिओट्रोप ज्या तापमानाला उकळते त्या ७८.१५ अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ७५५ मिलिमीटर असतो आणि पाण्याचा सुमारे ३३०. म्हणजे इथेनॉल पाण्यापेक्षा २.३ पट बाष्पशील. मिश्रणात दोघेही आपापल्या शुद्ध रूपासारखेच वागले असते, तर ही २.३ पटीची आघाडी शेवटपर्यंत टिकली असती आणि साध्या कॉलमने कितीही कोरडे इथेनॉल मिळाले असते.

पण मिश्रणात रेणूची निसटण्याची ओढ त्याच्या शेजाऱ्यांवर ठरते. ही ओढ आदर्श मिश्रणाच्या किती पट आहे ते सांगणाऱ्या आकड्याला सक्रियता गुणांक म्हणतात. दोन घटकांची सापेक्ष बाष्पशीलता मग अशी मांडता येते:

α = (γ₁ × P₁) / (γ₂ × P₂)

इथे १ म्हणजे इथेनॉल, २ म्हणजे पाणी, P हा शुद्ध घटकाचा बाष्पदाब आणि γ हा सक्रियता गुणांक. भरपूर इथेनॉलमध्ये थोडे पाणी असले, की इथेनॉलच्या रेणूभोवती बहुतेक इथेनॉलच असते. त्यामुळे त्याचा गुणांक जवळजवळ १ राहतो. पाण्याचा रेणू मात्र परक्या गर्दीत सापडलेला असतो आणि त्याचा गुणांक चढत जाऊन ॲझिओट्रोपपाशी सुमारे २.३ होतो. बाष्पदाबात इथेनॉल २.३ पट पुढे, गुणांकात पाणी २.३ पट पुढे. दोन्ही आघाड्या एकमेकींना नेमक्या छेदतात आणि α ची किंमत १ होते. वेगळे करायला काही उरतच नाही.

पाण्याची ही निसटण्याची ओढ कुठून येते, याचे उत्तर पुष्कळदा ‘दोघांतले आकर्षण कमी असते’ एवढ्यावर उरकले जाते. ते अपुरे आहे. खोलीच्या तापमानाला ५० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ५० मिलिलिटर पाणी ओतून पाहावे. भांडे कोमट लागते आणि आकारमान १०० ऐवजी सुमारे ९६–९७ मिलिलिटर भरते. उष्णता बाहेर पडते आणि द्रव आकसतो, म्हणजे दोघांचे एकमेकांशी चांगलेच जमते. तरीही निसटण्याची ओढ वाढते, कारण ती केवळ आकर्षणावर ठरत नाही, रेणूंच्या मोकळेपणावरही ठरते. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक हायड्रोजन बंध करते, पण दुसरे, म्हणजे इथिलचे टोक, काहीच करत नाही. त्या टोकांमधून वाट काढत बंध टिकवायचे तर रेणूंना ठरावीक मांडणीतच राहावे लागते. एरवी मिसळण्याने जी अव्यवस्था वाढायला हवी, ती त्या प्रमाणात वाढत नाही. तापमान चढते तशी मिसळण्यातून सुटणारी उष्णताही कमी होत जाते. त्यामुळे द्रवात राहण्याचा पाण्याचा फायदा घटतो आणि वाफेत जाणे तुलनेने सोयीचे होते.

कॉलम दुप्पट केल्याने काही फरक का पडला नाही, हे यातून कळते. कॉलमचा प्रत्येक टप्पा α च्या जोरावर पुढे सरकतो. α एकच्या जवळ आली की टप्पे मुंगीच्या पावलांचे होतात, आणि ॲझिओट्रोपपर्यंत नेमके पोहोचायला असंख्य टप्पे लागले असते. त्याच्या पलीकडे जाणे तर टप्पे वाढवून शक्यच नाही.

निदानाची कसोटी

संशय अजून पुरता फिटला नव्हता. कंडेन्सरमधून दमट हवा शिरते आहे, जोड गळका आहे, अशी कारणे पुढे येत होती. हे निकाली काढण्यासाठी एक साधी चाचणी ठरली आणि या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत उपयोगी निर्णय म्हणावा लागेल. बाजारातल्या कोरड्या इथेनॉलमध्ये मोजून पाणी घालून ९८ टक्क्यांचे ५०० मिलिलिटर मिश्रण केले, म्हणजे ॲझिओट्रोपच्या पलीकडच्या बाजूचे. तेच उपकरण, तोच मोठा कॉलम, आणि तोंडाशी कॅल्शियम क्लोराइडची नळी.

साध्या समजुतीप्रमाणे आधी येणारा भाग जास्त शुद्ध असायला हवा. उलटे घडले. पहिल्या ५० मिलिलिटरची घनता ०.७९७९ आली, म्हणजे ९७.२ टक्के. मूळ मिश्रणापेक्षा ते ओले. ४०० मिलिलिटर बाहेर काढल्यावर फ्लास्कमध्ये जे उरले त्याची घनता ०.७९३०, म्हणजे ९८.८ टक्के. उरलेले मूळ मिश्रणापेक्षा कोरडे. हवेतली दमट वाफ शिरली असती तर पुढे आलेला भाग ओला झाला असता हे खरे, पण फ्लास्कमधला द्रव कोरडा कसा झाला असता? या एका आकड्याने गळतीची शंका मिटली. ॲझिओट्रोपच्या वर पाणीच जास्त बाष्पशील घटक ठरते.

तापमापकाने यात काहीच मदत केली नाही. ॲझिओट्रोप ७८.१५ अंशांना उकळते आणि शुद्ध इथेनॉल ७८.३ च्या आसपास. एक अंशाच्या खुणांवर हा फरक दिसणे अशक्य. ‘७८ वर स्थिर आहे म्हणजे शुद्ध आहे’ हा निष्कर्ष इथे नेहमीच चुकीचा ठरतो.

तपासलेले पर्याय

पहिला विचार कमी दाबाचा होता. दाब उतरला की ॲझिओट्रोप इथेनॉलच्या बाजूला सरकते आणि पाऱ्याच्या सुमारे ७० मिलिमीटरच्या खाली नाहीसेच होते. ऐकायला हा मार्ग सुरेख आहे. पण त्या दाबाला इथेनॉल तीस अंशांच्या आतच उकळते, त्यामुळे नळाच्या पाण्यावरचा कंडेन्सर पुरत नाही आणि बरीच वाफ पंपात जाते. शिवाय ॲझिओट्रोप गेले तरी त्या टोकाला α एकच्या जवळच राहते, म्हणून लांबलचक कॉलम लागतो, आणि लांब कॉलममध्ये इतका कमी दाब खालपासून वरपर्यंत सारखा राखता येत नाही. हा पर्याय सोडला.

दुसरा पर्याय तिसरा द्रव घालण्याचा. सिडनी यंग यांनी १९०२ साली बेंझीन घालून कोरडे इथेनॉल मिळवले. बेंझीन, इथेनॉल आणि पाणी मिळून ६४.९ अंशांना उकळणारे तिहेरी ॲझिओट्रोप होते आणि ते पाणी घेऊन आधी निघून जाते. बेंझीन कर्करोगकारक आहे, त्यामुळे अध्यापन प्रयोगशाळेत त्याचा विचारही नको. सायक्लोहेक्झेनने हे जमते, पण थर वेगळे करण्याची जोडणी लागते आणि शेवटी इथेनॉलमध्ये त्याचा अंश राहतो. कोरडे करायच्या दोन लिटरसाठी हा खटाटोप परवडणारा नव्हता.

निर्जल कॅल्शियम क्लोराइड सुचवले गेले तेही लगेच बाद झाले. ते पाण्याप्रमाणे इथेनॉललाही धरून ठेवते.

राहिले दोन मार्ग: कळीचा चुना आणि ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह. दोन्ही पाण्याला बाष्पशीलतेच्या स्पर्धेत उतरवतच नाहीत. चुना पाण्याशी रासायनिक अभिक्रिया करून त्याला विरलेल्या चुन्यात बांधतो. सीव्हच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेर राहतो. नुसती सीव्ह वापरायची तर दोन लिटरमधले ७५ ग्रॅम पाणी ओढायला, वजनाच्या दहा टक्के एवढी शोषणक्षमता धरून, पाऊण किलो सीव्ह लागली असती. म्हणून ढोबळ पाणी चुन्याने काढायचे आणि शेवटचा अंश सीव्हने, असा क्रम ठरला.

केलेली कृती

९५.४ टक्के इथेनॉलचे दोन लिटर घेतले. त्यातल्या पाण्याला हिशेबाने सुमारे २३० ग्रॅम चुना पुरतो, पण खड्यांच्या आतपर्यंत पाणी पोहोचत नाही, म्हणून ५०० ग्रॅम घेतला. चुना ताजा होता याची खात्री आधी केली. एका खड्यावर थोडे पाणी टाकले, तो फुगून तापला आणि फुटला. हवेत मुरलेला चुना असा प्रतिसाद देत नाही आणि पाणीही ओढत नाही.

फ्लास्क तीन लिटरांचा घेतला, कारण चुना फुलतो. कंडेन्सरच्या तोंडाशी कॅल्शियम क्लोराइडची नळी लावून सहा तास रिफ्लक्स केले आणि रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच फ्लास्कमधून, कॉलम न लावता, द्रव काढून घेतला. चुन्याचा लगदा तळाशी उसळ्या मारतो, म्हणून आच मंद ठेवली आणि वाफेबरोबर चुन्याची पूड जाऊ नये यासाठी मध्ये अडथळ्याचा फुगा लावला. सुरुवातीचे ५० मिलिलिटर बाजूला ठेवले आणि फ्लास्क कधीही पूर्ण कोरडा होऊ दिला नाही. १.६५ लिटर मिळाले. बाकीचे चुन्याच्या लगद्यात अडकून राहिले. कार्ल फिशर पद्धतीने मोजलेले पाणी ०.५ टक्के निघाले.

सीव्हचा टप्पा मात्र पहिल्या खेपेला फसला. उघड्या डब्यातली सीव्ह ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून, दर लिटरला १०० ग्रॅम या प्रमाणात घातली. दोन दिवसांनी पाणी ०.३५ टक्के. ११० अंशांना काचेची भांडी वाळतात, पण सीव्हच्या छिद्रातले पाणी बाहेर पडत नाही. नवी सीव्ह भट्टीत ३०० अंशांना पाच तास तापवून डेसिकेटरमध्ये थंड केली आणि तेवढ्याच प्रमाणात वापरली. ४८ तासांनी पाणी ०.०३ टक्क्यांवर आले. आधीची सीव्ह इथेनॉलने भिजलेली होती. ती तशीच भट्टीत घातली असती तर आग लागली असती, म्हणून तिच्यातले इथेनॉल आधी हुडमध्ये पूर्ण उडून जाऊ दिले.

परिणाम

१.६ लिटर इथेनॉल मिळाले. पाच लिटरपैकी उरलेले ९४–९५ टक्क्यांचे इथेनॉल स्फटिक धुण्याच्या कामाला परत गेले. त्या कामासाठी ते पुरेसे शुद्ध होते. इथॉक्साइड करताना सोडियम शांतपणे विरघळले आणि द्रावण स्वच्छ राहिले. ५०० मिलिलिटरमध्ये आता सुमारे ०.१२ ग्रॅम पाणी होते, म्हणजे अर्ध्या मोल सोडियमच्या तुलनेत जेमतेम ०.००७ मोल.

काय वेगळे करता आले असते

ऊर्ध्वपातन ९४ टक्क्यांच्या आसपास थांबवायला हवे होते. पहिल्या खेपेनंतरच्या दोन दिवसांत, मोठ्या कॉलमसह, फार तर एक टक्का वाढला. दोन लिटरमधले ते १६ ग्रॅम पाणी काढायला हिशेबाने ५० ग्रॅम चुना पुरला असता. कॉलम जिथे धीमा पडतो तिथेच त्याच्या हातून काम काढून घेणे शहाणपणाचे होते, आणि तो कुठे धीमा पडतो हे वाफ-द्रवाच्या तक्त्यात आधीच लिहिलेले होते.

मोलचा हिशेब कॉलम जोडण्याआधी करायला हवा होता. त्याने ९५ टक्के चालणार नाहीत हे पहिल्याच दिवशी कळले असते आणि चुना तेव्हाच काढला असता.

९८ टक्क्यांची उलटी चाचणी एका सकाळीत होते. घनता ०.८०३ च्या आसपास पहिल्यांदा अडली, तेव्हाच ती करायची होती. त्याऐवजी आणखी लांब कॉलम आणला गेला. आणि घनतेच्या प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहिले असते, तर ९७.५ चा आनंद कोणाला झालाच नसता.

सीव्ह नव्याने तापवल्यावर तळहातावर थोडी घेऊन त्यावर एक थेंब पाणी टाकून पाहणे हीही चांगली खबरदारी आहे. नीट सक्रिय झालेली सीव्ह हाताला लगेच गरम लागते. ११० अंशांवरची ती पहिली सीव्ह कोमटही लागली नसती, आणि दोन दिवस वाचले असते.